पहिल्या वर्षाच्या बीडीएस विद्यार्थ्यांसमोर बोलायचंय, मसुदा वाचून मत द्याल का?

मृण्मयी

नमस्कार मंडळी. मी एका दंत महाविद्यालयात पहिल्या वर्षाला डेंटल अ‍ॅनाटॉमी शिकवते, चौदा वर्षं झाली. यंदा नवीन मुलांच्या स्वागताचं भाषण माझ्याकडे आलंय. पंधरा मिनिटं आहेत. समोर शंभर मुलं, मागच्या रांगांत त्यांचे आईवडील. त्यातली बरीच मुलं एमबीबीएस थोडक्यात हुकलं म्हणून आलेली असतात. चार वर्षं आणि वर नंतरची एक वर्षाची इंटर्नशिप यात हातून नेमकं काय होणार आहे, हे त्यांना कुणीच सांगितलेलं नसतं. म्हणून सगळ्या विषयांची यादी वाचून दाखवण्यापेक्षा एकच दात घेऊन बोलायचं ठरवलंय. मसुदा देते आहे.

"जिभेचं टोक वरच्या पटाशीच्या दातामागे लावा. वर हिरडीजवळ एक गुळगुळीत उंचवटा लागेल, त्याच्या खाली खोलगट भाग, आणि खोलगट भागाच्या दोन्ही बाजूंना बारीक बांध. इतकी वर्षं तोंडात असलेली ही वस्तू तुम्ही आज पहिल्यांदा नीट पाहिलीत, तीही जिभेनं. काही आठवड्यांत तुमच्या हातात मेणाचा एक ब्लॉक येईल आणि हाच दात त्यातून कोरून काढायचा असेल.

वरच्या मधल्या पटाशीच्या दाताचा हिरडीबाहेरचा भाग साधारण १०.५ मिलिमीटर उंच आणि ८.५ मिलिमीटर रुंद असतो. मूळ १३ मिलिमीटर. आपण पहिला दात दुप्पट मापाचा करतो, म्हणजे चुका डोळ्यांना दिसतात. ब्लॉकच्या एका बाजूवर दाताची समोरून दिसणारी आकृती काढायची आणि कडेचं मेण उतरवायचं. मग ब्लॉक वळवून बाजूनं दिसणारी आकृती काढायची आणि पुढचं-मागचं मेण उतरवायचं. इथे बहुतेकांचा पहिला दात बिघडतो. पहिल्या कापणीत ब्लॉकवरच्या रेषा निघून गेलेल्या असतात, त्या पुन्हा आखायचा कंटाळा येतो, अंदाजानं सुरी चालते आणि दात मुळावर पिळल्यासारखा होतो. तो पिळलाय हे समोरून कळत नाही. दाताची धार डोळ्यांकडे करून, मूळ लांब धरून बघा. धार मुळाच्या बरोबर मध्यावर आली पाहिजे. नसेल, तर नवा ब्लॉक घ्या.

दुसरी चूक घाईची. एका झटक्यात जाड पापुद्रा काढायला गेलात की मेणाचा कोपरा तुटतो. थंडीच्या सकाळी मेण जास्तच कडक असतं, तेव्हा ब्लॉक दोन मिनिटं तळहातात धरून ठेवा. लेक्रॉनचं, म्हणजे मेण कोरायच्या हत्याराचं, पातं उभं दाबू नका, आडवं ठेवून खरवडा.

मुकुटाचे, म्हणजे हिरडीबाहेरच्या भागाचे, सगळे कोन जमले की शेवटी राहतात धारेचे दोन कोपरे. एक शेजारच्या दुसऱ्या पटाशीच्या दाताकडचा, चेहऱ्याच्या मधल्या रेषेचा. तो जवळजवळ काटकोन असतो. दुसरा बाहेरच्या बाजूचा, तो गोलसर. एवढ्यावरून दात डावा की उजवा ते ओळखता येतं. दरवर्षी मी मुलांचे दोन्ही कोपरे गोल झालेले दात परत करते, आणि दरवर्षी मुलं म्हणतात, मॅडम, एवढ्यानं काय होतं?

काय होतं ते सांगते. काही वर्षांपूर्वी आपल्याच एका इंटर्नकडे सातवीतला मुलगा आला. सायकलवरून पडून वरच्या उजव्या पटाशीच्या दाताचा आतला कोपरा तुटलेला. नस उघडी पडलेली नव्हती. इंटर्ननं काम मन लावून केलं. रंग दात ओला असतानाच जुळवला, तुटलेल्या कडेला उतार दिला, कंपोझिट थरांनी भरलं, दर थर नीट सेट केला. रंग इतका छान जुळला होता की जोड दिसत नव्हता. तरी आरशात बघून मुलगा गप्प झाला. आई म्हणाली, 'चांगलं झालंय, पण याचे दात असे नव्हते.' काय चुकलं ते तिला सांगता येईना, इंटर्नलाही कळेना. तो मला बोलवायला आला.

दोन्ही कोपरे गोल होते. दोन पटाशीच्या दातांमध्ये धारेपाशी जी फट असते ती आपल्या हसण्यातली सगळ्यात लहान फट. इथे आतला कोपरा गोल झाल्यामुळे बरोबर मधोमध उलट्या व्ही आकाराची काळी खाच दिसत होती. तिथे थोडं कंपोझिट वाढवलं, डिस्कनं कोपरा सरळ केला, शेजारचा दात सतत बघत राहिलो. वीस मिनिटं लागली. मुलानं पुन्हा आरसा घेतला आणि या वेळी तोंड मिटलंच नाही.

त्या इंटर्नचा पहिल्या वर्षातला मेणाचा दात मीच परत केला होता, याच चुकीसाठी. तुमचे दात परत आले की हे आठवा."

इथून पुढे दुसऱ्या वर्षातलं फॅन्टम हेडवरचं, म्हणजे डमी डोक्यावरचं, काम आणि तिसऱ्या वर्षापासूनचे पेशंट यांवर तीन-चार मिनिटं बोलेन. मला दोन गोष्टी विचारायच्यात. पहिल्याच दिवशी हे फार बारकाईचं होतंय का? आणि कष्टांबद्दल, पुढच्या कमाईबद्दल किती मोकळं बोलावं? पालक समोर असतात.

---

डॉ_पन्हाळकर

मॅडम, भाषण आवडलं. मी तालुक्याच्या गावी सव्वीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. बारकाईचं अजिबात होत नाहीये, उलट एक बाजू राहिली आहे. तुमच्या भाषणात मुलं फक्त दात शिकतील. पहिल्या वर्षात त्यांचा जास्त वेळ मोठ्या अ‍ॅनाटॉमीत जाणार आहे, आणि तिथेच ती विचारतात की आम्हाला दात काढायचेत, मग कवटीतली ही सगळी भोकं कशाला पाठ करायची.

मला याचं उत्तर इंटर्नशिपमध्ये मिळालं. खालची दाढ काढायची होती, पेशंट चाळिशीतला शेतकरी. खालच्या दाढांना बधिर करायचं तर सुई गालाच्या आत, जबड्याचा मागचा उभा भाग असतो त्याच्या आतल्या बाजूला न्यावी लागते. तिथे एक छोटं हाडाचं टोक आहे आणि त्याच्याजवळ नस जबड्यात शिरते. सिरिंज विरुद्ध बाजूच्या उपदाढांवरून तिरकी धरायची, आणि साधारण २० ते २५ मिलिमीटर आत गेल्यावर टोकाला हाड लागलं पाहिजे. हाड लागल्याशिवाय औषध सोडायचं नाही, हे मला पाठ होतं. पण त्या दिवशी ओपीडीत गर्दी होती, पेशंटनं मान हलवली, हाड लागलं नाही आणि मी औषध सोडलं.

पाच मिनिटांनी विचारलं, ओठ जड झाला का? तो म्हणाला, ओठ नाही, पण डोळा मिटत नाहीये. त्याच्या चेहऱ्याची ती बाजू उतरली होती. माझे हात गार पडले. सर आले, त्यांनी पेशंटच्या खांद्यावर हात ठेवला आणि शांतपणे सांगितलं की औषध उतरलं की हे पूर्ण जाईल. डोळ्यावर ओला गॉज ठेवून पट्टी लावली. दोन-अडीच तासांत सगळं पूर्ववत झालं. मग सरांनी मला कोरडा जबडा हातात देऊन विचारलं, सुई कुठे होती ते दाखव.

सुई फार मागे गेली होती. हाडाच्या मागे लाळेची मोठी ग्रंथी आहे आणि तिच्यातून चेहऱ्याची नस जाते. माझं औषध तिथे पडलं होतं. खालच्या ओठाची नस कोरडीच राहिली, म्हणून ओठ जड झाला नाही. हाड लागलं नाही तर सुई थोडी मागे घेऊन सिरिंजचं मागचं टोक विरुद्ध बाजूच्या दाढांकडे न्यायचं. हाड फार लवकर लागलं तर उलट, सिरिंज पुढच्या दातांकडे आणायची. हे नियम लक्षात ठेवायला मला आता पाठांतर लागत नाही, कारण डोळ्यांसमोर तो जबडा येतो.

मुलांना हे सांगा, आणि पालकांसमोरच सांगा. कष्ट लपवू नका. पासिंग ५० टक्क्यांचं आहे, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत वेगवेगळं. बारावीला ९० टक्के घेतलेल्या मुलाला पहिल्या टर्मिनलला ३८ मिळाले की तो खोलीचं दार लावून बसतो. माझा रूममेट बसला होता.

---

शुभांगी_जोशी

नमस्कार मॅडम. माझ्या मुलीला दुसऱ्या राउंडला बीडीएस मिळालंय. एमबीबीएसला थोडे मार्क कमी पडले. तिचे बाबा म्हणतात प्रवेश घेऊन ठेव आणि सोबत नीटची परीक्षा पुन्हा दे. तुम्ही शिकवता म्हणून विचारते, तुमच्याकडे असं करणाऱ्या मुली पास होतात का? आणि प्रवेश रद्द केला तर फी परत मिळते का?

---

मृण्मयी

@डॉ_पन्हाळकर, धन्यवाद. कोरड्या जबड्याचा प्रसंग भाषणात घेऊ का? नाव न घेता. मुलांना अ‍ॅनाटॉमी हॉलमध्ये हाड हातात देताना हेच सांगता येईल.

@शुभांगीताई, धागा भाषणाबद्दल आहे, तरी थोडक्यात सांगते. फीचे नियम प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत असतात आणि ते राउंडप्रमाणे बदलतात, ते तिथेच बघा. दोन्ही एकत्र करणाऱ्या मुली मी पाहिल्यात. सकाळी डिसेक्शन, दुपारी कार्विंग, संध्याकाळी जर्नल, आणि रात्री अकरावी-बारावीचं फिजिक्स. बहुतेकींच्या हातून दोन्ही सुटलं. परीक्षा पुन्हा द्यायचीच असेल तर घरी बसून वर्षभर तीच द्यावी, असं माझं मत. आणि हे तिच्या बाबांनी नाही, तिनं ठरवावं. तिला हा धागा वाचायला द्या.

---

निशिगंध

मी डेंटल लॅब चालवतो, पुण्यात. मॅडमचा प्रसंग चांगला आहे पण मला पटलं नाही की यासाठी शेकडो तास मेण कोरावं. माझ्या लॅबमध्ये आता बरेच क्राऊन स्कॅनवरून येतात. डॉक्टर तोंडात स्कॅनर फिरवतो, फाइल येते, सॉफ्टवेअर त्याच्या लायब्ररीतून दात उचलून बसवतं, मशीन झिर्कोनियातून कोरतं. कोपरा काटकोन असावा हे सॉफ्टवेअरला माहीत असतं. पुढची पिढी स्कॅनरवर काम करणार आहे. तिला लेक्रॉन देणं म्हणजे टायपिस्टला बोरू देणं.

---

रमाकांत_देव

मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. पण दातांचा आकार किती महत्त्वाचा हे मला पक्कं माहीत झालंय. गेल्या वर्षी खालच्या दाढेत सिमेंट भरलं. भरताना तोंड बधिर होतं म्हणून काही कळलं नाही. घरी गेल्यावर दात मिटले की पहिली तीच दाढ लागायची, एखादा खडा चावल्यासारखी. मला वाटलं होईल सवय. चार दिवसांत गार पाणी सहन होईना, डोकं दुखायला लागलं. परत गेलो. डॉक्टरांनी निळा कागद चावायला दिला, दाढेवर एक गडद ठिपका उमटला, तो किंचित घासला. मोजून तीन वेळा कागद, तीन वेळा घासणं. त्या रात्री झोप लागली. माझा प्रश्न असा की हे पहिल्या दिवशीच का केलं नाही?

---

डॉ_पन्हाळकर

@रमाकांत, पहिल्या दिवशीही कागद दिला असणार. पण जबडा बधिर असला की माणूस आपल्या नेहमीच्या जागी चावत नाही, थोडा इकडे-तिकडे मिटतो आणि ठिपका चुकीच्या जागी उमटतो. म्हणून मी अशा पेशंटना सांगून ठेवतो की उद्या सकाळी उंच वाटलं तर थांबू नका, लगेच या. तुम्ही चार दिवस थांबलात, तेवढे दिवस दाढ प्रत्येक घासाला ठोकली गेली.

@निशिगंध, तुमचं अर्धं बरोबर आहे. क्राऊनचा आकार आता लॅबमध्ये ठरतो, मान्य. पण माझ्या खुर्चीवर दिवसाला जितके क्राऊन होतात त्याच्या कितीतरी पट फिलिंग होतात, आणि फिलिंगला लॅब नाही. ते मऊ असताना मीच त्याला आकार देतो. रमाकांतरावांच्या दाढेवर ज्या खाचा आणि टेकड्या कोरायच्या होत्या त्या कोरलेल्या असत्या, तर समोरच्या दाताची टेकडी खाचेत बसली असती. सपाट भरलं की उंच लागतंच. आणि सॉफ्टवेअरनं बसवलेला दात चांगला की वाईट हे ठरवायलाही डोळा लागतो. तो कुठून येणार?

---

निशिगंध

फिलिंगचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षात आला नव्हता. पण डोळा मेणातूनच येतो हे मान्य नाही. माझ्याकडे दोन मुली थेट स्क्रीनवर शिकल्या. दात फिरवून, मोठा करून बघतात, चूक झाली तर एक बटण दाबून मागे जातात. आकाराची समज त्यांना माझ्या मेणात वाढलेल्या तंत्रज्ञांपेक्षा लवकर आली. तास निम्मे करा आणि उरलेल्या वेळात स्क्रीन द्या, एवढंच म्हणणं.

---

मृण्मयी

@निशिगंध, मागे जाण्याचं बटण हीच मला अडचण वाटते. मेणात काढलेलं परत लावता येत नाही, दातावरही नाही. ड्रिलनं गेलेला दात गेला. हाताला ती भीती पहिल्या वर्षातच बसावी असं मला वाटतं. पण तास निम्मे करून चालेल का, याचं माझ्याकडे ठाम उत्तर नाही. काही मुलांचा हात दहाव्या दातापर्यंत तयार होतो आणि उरलेले ती केवळ सबमिशनसाठी करतात, हे मी बघते आहे. विभागात हा विषय काढेन.

---

लीना_लेस्टर

मी महाराष्ट्रातच बीडीएस केलं, आता इंग्लंडमध्ये आहे. इथे डेंटिस्ट म्हणून नोंदणीसाठी मी ओआरई ही परीक्षा दिली. लेखी भाग अभ्यासानं निघतो. दुसऱ्या भागात डमी डोक्यावर प्लास्टिकच्या दातांचं काम ठरलेल्या वेळात करून द्यावं लागतं. कॉलेज सोडून मला सहा वर्षं झाली होती. पुन्हा फॅन्टम हेडसमोर बसले तेव्हा लक्षात आलं की क्राऊनसाठी दात घासताना माझा हात बाहेरच्या बाजूला बरोबर जातो आणि जिभेच्या बाजूला चुकतो, कारण तिथे मी आरशात न बघता वाकून बघायची. ही सवय दुसऱ्या वर्षात लागली आणि कुणी मोडली नाही.

म्हणून भाषणात एक गोष्ट नक्की घ्या. आरशात बघून काम करायला पहिल्या दिवसापासून शिका. आरशात हात उलटा जातो, पहिले काही आठवडे राग येतो, मग अचानक बसतं. जे वाकून बघतात त्यांचं काम त्या दिवशी चांगलं दिसतं आणि पस्तिशीत मान जाते. माझ्या बॅचमधल्या दोघी आता अर्धा दिवसच प्रॅक्टिस करतात, मानेमुळे.

---

अद्वैत_इंटर्न

मॅडम, मी सध्या इंटर्न आहे, त्यामुळे सगळं ताजं आहे. पहिल्या वर्षाला कुणीतरी मला हे सांगायला हवं होतं की शेवटच्या वर्षात सगळ्यात अवघड काम हातांचं नसतं, पेशंट शेवटपर्यंत टिकवण्याचं असतं.

माझा कवळीचा कोटा होता. पेशंट म्हणजे जवळपास चाळीस किलोमीटरवरच्या गावातल्या एक आजी. पूर्ण कवळीला पाच फेऱ्या लागतात. पहिल्या दिवशी साधं माप. दुसऱ्या दिवशी ट्रेच्या कडेला माप घ्यायच्या कंपाउंडची हिरवी काडी वितळवून लावायची, गाल-ओठ ओढून त्या कडेला हिरडीच्या वळणाचा आकार द्यायचा आणि मग बारीक माप. तिसऱ्या दिवशी मेणाच्या पट्ट्यांवर दोन जबड्यांमधलं अंतर आणि चावण्याची जागा ठरवायची. चौथ्या दिवशी मेणातच दात लावून बघायचे. पाचव्या दिवशी कवळी हातात.

दुसऱ्या फेरीनंतर आजी आल्याच नाहीत. फोन लागेना. सरांनी विचारलं तर मी खाली मान घालून उभा. अकराव्या दिवशी नातवानं फोन उचलला, सोयाबीनची काढणी चालू होती. मी एसटीनं गावी गेलो, त्यांना म्हटलं तुम्ही फक्त वार सांगा, मी सरांकडून वेळ घेतो. त्या सोमवारी आल्या, बाजारचा दिवस असतो म्हणून.

तिसऱ्या फेरीत मी चुकलो. अंतर जास्त धरलं. मेणातल्या दातांवर आजी 'सासर' म्हणाल्या की दात एकमेकांवर टकटक वाजायचे, आणि ओठ मिटताना ओढल्यासारखे दिसायचे. मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, खालची पट्टी कमी कर, पुन्हा जागा घे. म्हणजे पाचाच्या सहा फेऱ्या. ते आजींना सांगताना मला फार वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "येते की, तिकीट अर्धंच आहे माझं."

कवळी दिल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं, खालच्या हिरडीवर जिभेच्या बाजूला लाल चट्टा उठला होता. तेवढी कड घासली. महिन्यानं त्या आल्या. भाकरी अजून कुस्करूनच खातात, मी आधीच सांगितलं होतं की खालची कवळी जमायला वेळ लागतो. पण बोलताना त्या आधी पदर तोंडावर धरायच्या, तो धरला नाही. माझ्या लक्षात नव्हतं आलं, आमच्या सिस्टरनी दाखवलं.

कमाईचं विचारलंत म्हणून: माझ्या बॅचमधले बरेच जण इंटर्नशिपनंतर दुसऱ्याच्या क्लिनिकला जाणार आहेत, सुरुवातीचा पगार घरच्यांना सांगायला अवघड जाईल इतका आहे. हे पालकांना पहिल्या दिवशी कळलं तर पाचव्या वर्षी घरात भांडणं होणार नाहीत.

---

डॉ_पन्हाळकर

अद्वैत, शाब्बास. 'स'चा आवाज ऐकून अंतर तपासायचं, हे ध्यानात ठेव. आकड्यापेक्षा कान जास्त खरं सांगतो.

कमाईबद्दल मी वेगळं म्हणेन. पगार सांगा, पण सोबत हेही सांगा की माझ्यासारख्या गावात पहिली तीन वर्षं खुर्चीचा हप्ता निघत नाही, आणि नंतर लोक तीन पिढ्या सोडून जात नाहीत. नुसता आकडा सांगितला तर पालक घाबरतील, नुसतं नंतरचं सांगितलं तर फसवल्यासारखं होईल.

---

मृण्मयी

सगळ्यांचे आभार. मसुद्यात असा बदल करते: दाताचा प्रसंग तसाच. त्यानंतर पन्हाळकर सरांचा कोरडा जबडा, जबडा हातात घेऊनच सांगेन. लीनाचा आरसा एका मिनिटात. अद्वैत, तुझ्या आजींची गोष्ट तू स्वतः येऊन सांगशील का? पाच मिनिटं देते. मुलांना माझ्यापेक्षा तुझं लवकर पटेल. मी माझ्या बाजूनं फेऱ्यांचा क्रम सांगणार नाही, तूच सांग, आणि सहावी फेरी का लागली ते वगळू नकोस.

कमाईचं प्राचार्यांशी बोलले. त्यांचं म्हणणं, स्वागताच्या दिवशी नको. मला पटलेलं नाही. पालकांची वेगळी बैठक मागितली आहे, बघू.

---

अद्वैत_इंटर्न

येतो मॅडम. कवळी दाखवायला आजींची परवानगी घेतो.

---

शुभांगी_जोशी

मॅडम, मुलीनं काल सगळा धागा वाचला. नीट पुन्हा द्यायची की नाही ते अजून ठरलं नाही, घरात बोलणं चालू आहे. पण काल रात्री तिनं देवघरातली जाड मेणबत्ती घेतली आणि पेपर कटरनं दात कोरला. फोटो टाकते आहे. ती म्हणते की वरचा पटाशीचा आहे. बरोबर आहे का?

---

मृण्मयी

@शुभांगीताई, तिला विचारा, डावा की उजवा?

---

शुभांगी_जोशी

ती म्हणते उजवा. मग फोटो पुन्हा बघितला आणि म्हणाली, "थांब, दोन्ही कोपरे गोल झालेत." आता दुसरी मेणबत्ती मागते आहे.

---

मृण्मयी

मेणबत्तीचं मेण फार मऊ असतं, कोपरा टिकणार नाही. तिला अंगाचा साबण द्या, आदल्या दिवशी उघडून वाळवलेला. आणि आधी साबणाच्या दोन्ही बाजूंवर रेषा आखून घ्यायला सांगा, पहिली बाजू कापून झाली की दुसरीवरच्या पुन्हा.